झोपलाय की भान हरपतंय? डोक्याला मार लागलेल्या पेशंटचं भान कसं मोजतात, कसं लिहितात

"आत्ताच डोळा लागलाय त्याचा. दमलाय खूप. झोपू द्या ना, सिस्टर."

जानेवारीतली रात्र, नऊ वाजलेले. २६ वर्षांच्या मुलाच्या आईनं आमच्या नव्या सिस्टरला असं म्हटलं, आणि ती पेन काढून तक्त्यात "झोपला आहे" असं लिहिणारच होती. मुलगा संध्याकाळी कारखान्याकडून घरी येताना ऊस भरलेल्या ट्रॉलीवर बाईकसकट मागून आदळला होता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. बघणाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे तो मिनिटभर निपचित पडला, मग उठून बसला, आणि आमच्याकडे आला तेव्हा बोलत होता. डोक्याचा सीटी स्कॅन सांगितलेला होता, पण मशीनवर आधीचे दोन पेशंट होते.

हा पेशंट मी तीन-चार जणांच्या आठवणींतून जुळवलेला आहे, म्हणजे कोणाची ओळख पटणार नाही. त्याच्या तक्त्यातले आकडे मात्र अशा पेशंटमध्ये जसे उतरतात तसेच आहेत. त्या तक्त्याच्या आधारानं मला एकच गोष्ट नीट सांगायची आहे: डोक्याला मार लागलेल्या माणसाचं भान कसं मोजायचं, आणि मोजल्यावर ते कसं लिहायचं, म्हणजे पुढच्या ड्युटीवर येणाऱ्या माणसाला ते डोळ्यासमोर दिसेल.

आधी शब्दांची अडचण बघू. गुंगीत, अर्धवट शुद्धीत, ग्लानीत, ड्राउझी, सेमीकॉन्शस हे सगळे शब्द केसपेपरवर सर्रास सापडतात. माझ्या लेखी "गुंगीत" म्हणजे हाक मारली की ओ देणारा. दुसऱ्या सिस्टरच्या लेखी चिमटा काढल्यावर कण्हणारासुद्धा "गुंगीत"च. संध्याकाळी एकीनं "ड्राउझी" लिहिलं, रात्री दुसरीनंही "ड्राउझी" लिहिलं, आणि मधल्या चार तासांत पेशंट कुठून कुठे गेला ते कागदावर आलंच नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन मेंदूच्या सर्जनना हीच अडचण खटकली. १९७४ साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक साधी मोजपट्टी मांडली. तिलाच आपण ग्लासगो कोमा स्केल म्हणतो, वॉर्डात नुसतं जीसीएस. पेशंट कसा "वाटतो" ते बाजूला ठेवायचं आणि तो काय करतो तेवढंच टिपायचं, ही त्यातली खरी युक्ती. डोळे कधी उघडतो, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो, या तीनच गोष्टी. केसपेपरवर त्यांची अक्षरं E, V आणि M अशी लिहितात.

डोळ्यांना जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. सगळं उत्तम असेल तर बेरीज १५ होते. काहीच प्रतिसाद नसेल तरी प्रत्येकात १ गुण असतोच, त्यामुळे सगळ्यात खालचा आकडा ३. शून्य इथे नाही. नवीन मुलींना हे हमखास चुकीचं वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकते.

आता तपासायचं कसं? पेशंटच्या जवळ जाऊन लगेच चिमटा काढायचा नाही. आधी नुसतं बघायचं: डोळ्यांवर सूज आहे का, तोंडात नळी आहे का, हातापायाला फ्रॅक्चर आहे का, झोपेचं किंवा वेदनेचं काही औषध मिळालं आहे का, ऐकू कमी येतं का, भाषा कोणती. मग थोडं थांबून तो आपणहून काय करतो ते पाहायचं. मग नेहमीच्या आवाजात बोलायचं, ओ आली नाही तर मोठ्यानं. आवाजाला काहीच प्रतिसाद नसेल तरच दाब द्यायचा. ही चढण पायरीपायरीनं चढायची, कारण गुण मिळतो तो कोणत्या पायरीवर प्रतिसाद आला त्यावर. पहिल्याच झटक्यात चिमटा काढला आणि डोळे उघडले, तर हाकेनं उघडले असते की नाही हे कधीच कळणार नाही.

डोळ्यांचा भाग सोपा आहे. आपण जवळ जाण्याआधीच डोळे उघडे असतील तर ४. हाक मारल्यावर उघडले तर ३. दाबल्यावर उघडले तर २. दाबूनही उघडले नाहीत तर १. या दाबासाठी पेशंटच्या बोटाचं टोक आपल्या बोटात धरून नखावर पेन टेकवायचं आणि दाब हळूहळू वाढवत १० सेकंदांपर्यंत न्यायचा. भुवईखालच्या खाचेत दाबून डोळे उघडतात का हे तपासू नये. तिथे दाबलं की माणूस वेदनेनं डोळे उलट घट्ट मिटतो, आणि आपण त्याला उगीच १ गुण देऊन मोकळे होतो.

झोपलेल्या माणसाचा प्रश्न इथेच येतो. गाढ झोपेतल्या निरोगी माणसाचे डोळे मिटलेलेच असतात. म्हणून त्याला नेहमी आपण झोपेतून उठवतो तसं पूर्ण जागं करायचं आणि मगच गुण द्यायचे. जागा होऊन डोळे उघडे ठेवून बोलत राहिला तर तो ४ चाच पेशंट. डोळे उघडले, एक शब्द बोलला आणि आपण बोलत असतानाच पापण्या पुन्हा मिटल्या, प्रत्येक वाक्याला नव्यानं हाक मारावी लागली, तर तो ३. "झोपला आहे" हे निरीक्षण या तक्त्यात बसतच नाही. रात्री उठवायचं म्हणून नातेवाईक नाराज होतात. त्यांना पहिल्याच तासात सांगून ठेवावं की आज रात्री आम्ही याला अर्ध्या अर्ध्या तासानं उठवणार आहोत, आणि का उठवणार आहोत.

बोलण्याच्या भागात आपण तीन गोष्टी विचारतो: नाव काय, आत्ता कुठे आहात, महिना कोणता. तिन्ही बरोबर आली तर ५. वाक्यं नीट आहेत पण उत्तर चुकतंय, दवाखान्यात असून "घरी आहे" म्हणतोय, तर ४. संवाद होत नाही, नुसते सुटे शब्द येतात, "आई", "पाणी", एखादी शिवी, तर ३. शब्दही नाहीत, कण्हणं किंवा हुंकार आहे, तर २. काहीच नाही तर १.

या प्रश्नांना कोणतं उत्तर बरोबर धरायचं, याचा विचार आपल्याकडे कमी होतो. एकदा जुलैत घसरून पडलेल्या एका आजींना मी महिना विचारला. त्या म्हणाल्या, "आखाड चाललाय की." माझ्या शेजारच्या शिकाऊ मुलीनं ४ लिहिले, कारण तिला "जुलै" ऐकायचं होतं. आजी पूर्ण भानावर होत्या. घरातल्या दिनदर्शिकेप्रमाणे त्यांनी दिलेलं उत्तर अचूक होतं, त्यांना ५ च मिळायला हवेत. वर्षाचं तसंच: शाळेत न गेलेल्या माणसाला सन विचारून काय कळणार? त्याला गावाचं नाव विचारावं, दिवस आहे की रात्र, सोबत कोण आलंय ते विचारावं, आणि काय विचारलं ते लिहावं.

भाषेचा मुद्दा याहून गंभीर आहे. वीटभट्टीवरचा बिहारमधला एक मजूर आमच्याकडे आला. मराठीत विचारलेल्या प्रश्नांना तो काहीतरी पुटपुटत होता, म्हणून त्याला ३ दिले गेले. त्याचा गाववाला बाहेर बसला होता. त्याला आत घेतलं, त्यानं भोजपुरीत विचारलं, आणि पेशंटनं नाव, गाव, मालकाचं नाव, सगळं सांगितलं. पेशंट अर्ध्या मिनिटापूर्वी होता तसाच होता. उणीव आमच्या प्रश्नात होती. भाषा जुळत नसेल तर दुभाष्या शोधा. तो मिळेपर्यंत जो गुण दिला असेल त्याच्या बाजूला "भाषा समजत नाही" असं लिहून ठेवा.

आता हालचाल. तिन्हींमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवते. पुढे काय होईल याची कल्पना याच आकड्यातून सर्वांत जास्त येते, आणि चुकाही इथेच जास्त होतात.

सांगितलेलं केलं तर ६. पण "माझा हात दाबा" एवढंच सांगून थांबू नका. मेंदूला मार लागलेल्या काही जणांमध्ये तान्ह्या बाळासारखी पकड परत येते: तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप मिटते. आपल्याला वाटतं, ऐकलं त्यानं. म्हणून "दाबा" आणि मग "सोडा", दोन्ही सांगायचं. सोडता आलं तरच तो हुकूम पाळतोय. नाहीतर "जीभ बाहेर काढा" म्हणायचं. बाजूच्या बेडवर मान फ्रॅक्चर झालेला पेशंट होता, त्याला हातपाय हलवता येत नव्हते, पण जीभ सांगितली तशी बाहेर काढायचा. त्याला ६ च.

सांगितलेलं करत नसेल तर दाब द्यायचा, आणि तो मानेजवळ किंवा चेहऱ्यावर, म्हणजे अंगाच्या वरच्या भागात. मान आणि खांदा यांच्यामधला जाड स्नायू अंगठा आणि दोन बोटांत धरून पिळायचा. त्यानं काही झालं नाही तर भुवईच्या हाडाखालच्या खाचेत अंगठ्यानं दाबायचं, चेहऱ्याचं हाड मोडलेलं नाही याची खात्री असेल तरच. वरच का? कारण इथे आपल्याला बघायचंय की पेशंटचा हात दुखऱ्या जागेकडे जातो का. हात उचलून गळपट्टीच्या हाडाच्या वर आला, आपला हात झटकायला आला, तर ५. त्याला कुठे दुखतंय हे कळलं आणि तिथे हात न्यायचं ठरवता आलं, म्हणजे मेंदूनं बरंच काम केलं. छातीच्या मधल्या हाडावर मुठीनं घासायची जुनी सवय अजून काही ठिकाणी आहे. त्यानं कातडी काळीनिळी होतेच, शिवाय वाकणारा हात आपोआप छातीकडेच येत असल्यानं तो दुखऱ्या जागेकडे आला की नुसता वाकला, हे ओळखता येत नाही.

हात दुखऱ्या जागेपर्यंत पोचत नाही पण कोपरात वाकतो, तेव्हा दोन प्रकार वेगळे करायचे असतात. पहिला, आपण गरम तव्यावरून हात काढतो तसा: झटकन, अंगापासून बाजूला, दर वेळी थोडा वेगळा. त्याला ४. दुसरा, संथ आणि दर वेळी हुबेहूब तोच: दंड अंगाला चिकटतो, हात छातीवर आडवा येतो, मनगट वळतं, अंगठा मुठीच्या आत जातो, आणि पाय ताठ सरळ होतात. त्याला ३. वरवर दोन्हींत "हात वाकला" एवढंच दिसतं. पण पहिल्यात वेदनेपासून दूर जाण्याची धडपड शिल्लक असते, दुसऱ्यात मेंदूच्या वरच्या भागाचा ताबा सुटलेला असतो. १९७४ च्या मूळ मोजपट्टीत हे दोन प्रकार एकच धरले होते आणि बेरीज १४ पर्यंतच जायची. पुढे ते वेगळे केले आणि १५ झाले. खात्री नसेल तर दुसऱ्या सिस्टरला बोलवा, दोघींनी मिळून बघा. हात वाकण्याऐवजी कोपरात सरळ ताठ झाला तर २, काहीच हाललं नाही तर १.

दोन्ही हातांत फरक असेल तर गुण चांगल्या हाताचा द्यायचा, कारण मोजतोय ते संपूर्ण मेंदूचं भान. पण कमी हलणारा हात कोणता, हे त्याच तक्त्यातल्या हातापायांच्या रकान्यात वेगळं लिहायचंच. ते का, ते आमच्या पेशंटमध्ये दिसेल.

तो साडेसातला आला. डोळे उघडे, सांगितलेलं सगळं करतो, पण "गाडी कुठंय माझी?" हे चार वेळा विचारलं, आणि कुठे आहेस म्हटलं तर "कारखान्यावर". डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या ३ मिलिमीटर, टॉर्च मारल्यावर लगेच आकसणाऱ्या.

```
7:30  E4 V4 M6 = 14
8:00  E4 V5 M6 = 15
8:30  E4 V5 M6 = 15   डोकं दुखतंय, 1 उलटी
9:00  E3 V4 M6 = 13   डाव्या हाताची पकड कमी
9:45  E2 V2 M5 = 9    उजवी बाहुली 5, मंद; डावा हात नुसता वाकतो
```

आठला तो पूर्ण भानावर आला. घरच्यांचा जीव भांड्यात पडला, आईनं बाहेर जाऊन फोन करून सांगितलं की पोरगा बोलतोय. साडेआठला बेरीज १५ च होती, पण डोकं जास्त दुखायला लागलं आणि एक उलटी झाली. नऊला सुरुवातीला सांगितलेला तो क्षण आला. मी नव्या सिस्टरला म्हटलं, "अगं, लिहू नकोस अजून. आधी उठव." तिनं नावानं हाक मारली. त्यानं डोळे उघडले, आईकडे बघितलं आणि मिटले. कुठे आहेस? "घरी." हात दाब म्हटल्यावर दाबला, सोड म्हटल्यावर सोडला, पण डाव्या हाताची पकड उजव्यापेक्षा ढिली. तपासता तपासता दुसरी उलटी झाली.

डोळ्यांचा एक गुण गेला, बोलण्याचा एक गेला, हालचालीचा एकही नाही. बेरीज १३. पुस्तकातल्या विभागणीप्रमाणे १३ ते १५ म्हणजे सौम्य इजा, ९ ते १२ मध्यम, ८ आणि त्याखाली गंभीर. नुसता तो एक आकडा बघितला तर कोणी म्हणेल, सौम्य आहे, सकाळी बघू. पण अर्ध्या तासापूर्वी हाच माणूस १५ होता. आकड्यापेक्षा त्याची दिशा मोठी. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की एक गुण जरी घटला आणि अर्धा तास तसाच राहिला, तरी डॉक्टरांनी तातडीनं येऊन बघावं. हालचालीचा गुण घटला तर त्याला जास्त वजन द्यावं. डोळ्यांत किंवा बोलण्यात ३, हालचालीत २ गुणांची घट असेल तर थांबायचंच नाही. शिवाय वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, नव्यानं आलेला एका बाजूचा अशक्तपणा, बाहुल्यांमधला फरक, यातलं काहीही दिसलं तरी कळवायचं. इथे घट दोन रकान्यांत होती, त्यात डावा हात आणि दुसरी उलटी, म्हणून अर्धा तास वाट बघण्याचा प्रश्नच नव्हता.

फोनवर नव्या सिस्टरनं जे सांगितलं ते मी तसंच देते, कारण ते अगदी योग्य होतं: "सर, ४ नंबर बेडचा हेड इंज्युरी. साडेआठला E4 V5 M6 होता, आता नऊला E3 V4 M6. हाकेला डोळे उघडतो पण लगेच मिटतो, घरी आहे म्हणतो, हुकूम पाळतो. बाहुल्या दोन्ही ३, दोन्ही आकसतात. डाव्या हाताची पकड कमी झालीय. उलट्या २. शुगर आत्ता बघितली, ११०. सीटी अजून झालेला नाही." "पेशंट जरा गुंगीत वाटतोय" एवढंच सांगितलं असतं तर समोरच्याला पाच प्रश्न विचारावे लागले असते. डॉक्टर आले, मशीनवरचा पुढचा पेशंट थांबवला, आणि सीटीत उजव्या कानशिलाजवळ कवटीला चीर आणि तिच्या आत रक्ताची गाठ दिसली.

कानशिलाचं हाड पातळ असतं, आणि त्याच्या आतल्या बाजूनं मेंदूच्या आवरणाची एक धमनी जाते. हाडाला चीर गेली की ती फाटू शकते. रक्त कवटी आणि आवरण यांच्यामध्ये साठत जातं. सुरुवातीला जागा असते, म्हणून मधला तास-दोन तास माणूस चांगला बोलतो. जागा संपली की दाब झपाट्यानं वाढतो. त्या दाबानं मेंदूचा आतला कोपरा खाली सरकतो आणि डोळ्याकडे जाणाऱ्या नसेला चेपतो, म्हणून त्याच बाजूची बाहुली मोठी होते. उजवा मेंदू डावं अंग चालवतो, म्हणून अशक्तपणा उलट्या बाजूला येतो. पावणेदहाला ओटीकडे नेताना उजवी बाहुली ५ मिलिमीटर झाली होती आणि टॉर्चला सावकाश आकसत होती. दाबल्यावर उजवा हात खांद्यापर्यंत आला, डावा नुसता वाकला. म्हणून तक्त्यात हालचालीला ५ आणि हातापायांच्या रकान्यात "डावा हात नुसता वाकतो". फक्त ५ लिहिले असते तर निम्मी बातमी हरवली असती. रक्तदाब चढणं आणि नाडी मंदावणं ही खूणही या दाबाचीच, पण ती उशिरा येते. भान तिच्या आधी बदलतं.

बाहुल्यांना या मोजपट्टीत गुण नाहीत, पण त्या शेजारच्याच रकान्यात हव्यात. २०१८ साली टीसडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही एकत्र करणारी पद्धत सुचवली: एक बाहुली प्रतिसाद देत नसेल तर बेरजेतून १ वजा, दोन्ही देत नसतील तर २ वजा. आमच्याकडे ती अजून रुळलेली नाही. आम्ही मिलिमीटर आणि आकसण्याचा वेग लिहितो.

लिहिण्याबद्दल माझा आग्रह एवढाच की तिन्ही आकडे सुटे लिहा, बेरीज लिहायचीच तर शेवटी. बेरीज ९ म्हटलं तर तो दाबल्यावरच डोळे उघडणारा, नुसता कण्हणारा पण दुखऱ्या जागेकडे हात नेणारा असू शकतो, नाहीतर डोळे टक्क उघडे ठेवून काही न बोलणारा आणि फक्त हात मागे ओढणारा असू शकतो. हे दोन वेगळे पेशंट आहेत. आणि जे तपासता आलं नाही त्याला १ देऊ नका. तोंडात श्वासाची नळी आहे, तो बोलणार कसा? तिथे NT लिहा, म्हणजे तपासता आलं नाही, आणि बाजूला कारण. डोळे सुजून बंद झाले असतील तिथेही NT. अशा वेळी बेरीज करायचीच नाही, कारण ती खोटी पडते. गावच्या दवाखान्यातून नळी घालून आलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर नुसतं "जीसीएस ३" असेल, तर तो खरंच ३ होता की भूल दिल्यामुळे ३ दिसला, हे पुढच्या डॉक्टरला कळतच नाही. नळी घालण्याआधीचा आकडा वेळेसकट लिहून पाठवा. तो नंतर कुठूनही मिळवता येत नाही.

किती वेळानं बघायचं? त्याच ब्रिटिश सूचनांप्रमाणे १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासानं, त्यानंतर २ तास दर अर्ध्या तासानं, मग ४ तास दर तासाला, आणि त्यानंतर दर २ तासांनी. मध्ये घसरला तर पुन्हा अर्ध्या तासावर यायचं. ड्युटी बदलताना दोघींनी बेडजवळ उभं राहून एकदा एकत्र तपासावं. मला ही सवय फार मोलाची वाटते: रात्रीच्या सिस्टरचा ४ आणि सकाळच्या सिस्टरचा ४ एकच आहे हे तिथे पक्कं होतं.

काही वेळा आकडा कमी येतो आणि दोष मेंदूच्या माराचा नसतो. साखर खाली गेलेली असते, म्हणून ती आल्याबरोबर बघावी. रक्तस्रावानं रक्तदाब पडलेला असतो. तो सावरल्यावर पुन्हा मोजावं. फिट येऊन गेलेली असते. दारूबद्दल मात्र मी कडक आहे. वास येतोय म्हणून "दारूमुळे आहे, सकाळी उतरेल" असं धरून ज्याला बाजूला ठेवलं, त्याच्याच डोक्यात गाठ सापडल्याचं मी पाहिलंय. दारू प्यायलेला माणूस पडतो, आणि पडला की डोक्यालाच लागतं. त्याचा कमी आकडा माराचाच धरायचा आणि सीटी करायचा. उलट बाजूनं, डाव्या बाजूच्या कपाळाच्या किंवा कानशिलाच्या भागाला मार लागलेल्या काहींना शब्दच सापडत नाहीत. ते सगळं समजून घेतात, हुकूम पाळतात, पण बोलण्यात २ किंवा ३ येतात. तेव्हा बोलणं कमी आणि हालचाल ६ हा बेमेळच सांगतो की अडचण भानाची कमी आणि भाषेची जास्त आहे. लहान मुलांना महिना विचारून उपयोग नसतो. पाच वर्षांखालच्यांसाठी बोलण्याच्या भागात रडणं, ओळखणं, हसणं यांवर आधारलेली वेगळी मोजपट्टी आहे, तीच वापरावी.

आमचा पेशंट सव्वादहाला टेबलावर होता. गाठ काढली. सकाळी नळी होती, झोपेचं औषध कमी करत आणलं होतं. तक्त्यात E3, V NT, M6, बाजूला "नळी आहे". संध्याकाळी नळी काढल्यावर E4 V4 M6. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला E4 V5 M6, दोन्ही हातांची पकड सारखी, दोन्ही बाहुल्या ३.

त्याच दिवशी आईनं विचारलं, "पंधरा झाले म्हणजे पूर्ण बरा ना?" तो ट्रॉली दिसल्यापासून पुढचं काहीच आठवत नाही म्हणत होता, आणि सकाळी काय खाल्लं तेही विसरला होता. हे जीसीएसमध्ये कुठेच येत नाही. नाव, जागा आणि महिना बरोबर सांगणाऱ्या माणसाची नवी आठवण कच्ची असू शकते, तो लवकर चिडू शकतो, टीव्हीचा आवाज सहन होत नाही, हिशेब चुकतो, आणि हे काही आठवडे चालू शकतं. आईला ते सांगितलं, आणि तक्त्याच्या खाली नव्या सिस्टरनं लिहिलं: "E4 V5 M6. अपघात आठवत नाही. नाश्ता केल्याचं आठवत नाही."